मदत हवी आहे: दुसरीची मुलं आभारपत्र नमुन्यावरून जसंच्या तसं उतरवतात

रानजाई
नमस्कार. दुसरीच्या वर्गाकडून आभारपत्र लिहून घ्यायचं आहे. नमुना फळ्यावर लिहून दिला, तर सगळ्यांनी तोच उतरवला. "आता स्वतःच्या मनाने लिहा" म्हटलं, तरी तेच. कुणाकडे सोपा नमुना किंवा रिकाम्या जागांची चौकट असेल तर लगेच टाका. परवा पत्रं द्यायची आहेत.

जुना_फळा
बाई, पत्र कुणाला आणि कशाबद्दल? मुलं किती? त्यातली स्वतःहून वाक्य लिहिणारी किती? आणि फळ्यावर काय लिहिलं होतंत, तेही टाका. त्याशिवाय सांगणं अवघड आहे.

शिस्तप्रिय
पत्रलेखनाचा साचा पहिल्यापासून पूर्ण शिकवावा. प्रेषक, पत्ता, दिनांक, विषय, मायना, मजकूर, समारोप. मोठ्यांना "ती." आणि "शि. सा. न. वि. वि." आलंच पाहिजे. आत्ता सवय लागली तर पुढच्या इयत्तांत परीक्षेला गुण जात नाहीत.

मनाली
माझ्या मुलाचं अक्षर दुसरीत फार वाईट होतं. चार रेघी वहीत रोज पाच ओळी लिहून घेतल्या, तीन महिन्यांत फरक पडला. पेन्सिल आखूड झाली की बदला, पकड बिघडते.

रानजाई
मनालीताई, अक्षराचा प्रश्न नाहीये.
सर, लिहायचं राहिलं. परिसरभेटीला गावातल्या कुंभारकाकांकडे गेलो होतो, त्यांना पत्र द्यायचं आहे. वर्गात २१ मुलं, पैकी ३ अजून वाक्य लिहीत नाहीत. माझा नमुना असा होता:

प्रिय काका,
तुम्ही आम्हाला मडके कसे बनवतात ते दाखवले. मला चाक फार आवडले. खूप मजा आली. धन्यवाद.
तुमची, राणी

१७ जणांनी हेच लिहिलं. चौघांनी खाली स्वतःच्या नावाऐवजी "राणी" लिहिलं. आणि एक मुलगा त्या दिवशी आजारी होता, आलाच नव्हता, त्यानेही "मला चाक फार आवडले" लिहिलंय! हे वाचून मला फार वाईट वाटलं.

जुना_फळा
मग कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. नमुना ज्यांना लिहिलेला, पत्रही त्यांनाच आणि त्याच भेटीबद्दल. मुलांनी लिहावं असं तुम्ही काही शिल्लकच ठेवलं नाहीत. सात वर्षांच्या मुलाला फळ्यावरचं उतरवायची सवय असते, आणि फळ्यावरचं ते बरोबर असं त्याला वाटतं.

नमुना दुसऱ्याच माणसाला लिहिलेला द्या. मी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींना लिहिलेला घ्यायचो:

प्रिय मावशी,
नमस्कार.
काल माझ्या ताटातली खिचडी सांडली. तुम्ही न रागावता मला परत वाढलीत. त्यामुळे मी उपाशी राहिले नाही. तुमचे आभार.
तुमची,
सई

दोनदा मोठ्याने वाचा. मग दोनच प्रश्न विचारा: मावशींनी काय केलं? त्यामुळे सईचं काय झालं? उत्तराच्या ओळी मुलांकडूनच फळ्यावर दाखवून घ्या. मग नमुना पुसून टाका. पुसणं महत्त्वाचं, नाहीतर तासाच्या शेवटी २१ जणांची खिचडी सांडलेली असेल.

त्यानंतर लगेच लिहायला बसवू नका. जोड्या करून एकमेकांना बोलू द्या: काकांनी काय केलं, त्यामुळे तुझं काय झालं. कुणी "मजा आली" म्हणालं की "कधी आली?" एवढंच विचारा. "मजा आली" हे वाक्य कुठल्याही पत्रात बसतं. "कधी" विचारलं की मूल त्या अंगणात परत जातं. बोलून झालं की चौकट द्या.

दिनांक:
प्रिय ................,
नमस्कार.
तुम्ही ..................................
............................................
त्यामुळे ................................
............................................
तुमचे आभार.
तुमचा / तुमची,
................

"तुम्ही" आणि "त्यामुळे"च्या पुढे पुऱ्या दोन-दोन ओळी मोकळ्या ठेवा. छोटी रिकामी जागा दिली की मूल त्यात मावेल एवढा एकच शब्द भरतं. "धन्यवाद" लिहायचं असेल तर शब्दपट्टी भिंतीला लावा, "न्य"वर बरीच मुलं अडतात. "आभार"मध्ये जोडाक्षर नाही, म्हणून मी तोच शब्द घेतला.

शिस्तप्रिय
यात पत्ता कुठे, विषय कुठे? आणि वडीलधाऱ्यांना "प्रिय"? हे पत्र नाही, चिठ्ठी झाली.

जुना_फळा
सर, मजकूर सुरू करण्यापूर्वी सात ओळी लिहायला लावल्या तर दुसरीचं मूल तिथेच दमतं. विषय अर्जाला लागतो, घरगुती पत्राला नाही. "ती." म्हणजे तीर्थरूप, तो आईवडिलांचा मायना. परक्या काकांना तो लागत नाही, जुन्या रिवाजाने तिथे तीर्थस्वरूप येईल. दिनांक मात्र हवाच, तेवढं तुमचं बरोबर.

शिस्तप्रिय
तीर्थस्वरूपचं मान्य. पण पत्ता तिसरीत अचानक कुठून येणार? तिथे रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

टपालवेडा
पत्ता लिहायचा तर खरं पोस्टकार्ड घ्या ना! ५० पैशांचं कार्ड. मुलांना लाल पेटीत टाकू द्या. आमच्या वेळी मामाचं कार्ड आलं की अख्खा वाडा वाचायचा.

रानजाई
टपालवेडा, काका शाळेपासून दोन गल्ल्या सोडून राहतात, मुलं हातातच देणार आहेत.
सर, दोन शंका. मुलं बोलताना मोठ्यांनाही "तू" म्हणतात, पत्रात "तू दाखवलंस" लिहितील. खोडू का? आणि ती ३ मुलं?

जुना_फळा
"तुम्ही" चौकटीतच आहे. पुढचं क्रियापद चुकलं तरी पहिल्या कच्च्या पत्रात खोडू नका. आईला किंवा आजीला पत्र असेल तर "तू"च बरोबर, घरी तसंच म्हणतात. तिघांना चित्र काढू द्या. चित्र दाखवून ते जे वाक्य बोलतील ते तुम्ही त्यांच्याच शब्दांत खाली लिहा, सुधारून नको. मायना आणि नाव त्यांनी लिहावं.

अंगणवाडी_ते_आठवी
तिघांबाबत माझं मत वेगळं आहे. बाईंनी लिहून दिलं की मूल वर्षभर बाईंची वाट बघतं. चुकीचं का होईना, एक शब्द त्यांनाच लिहू द्यावा. माझ्या वर्गात एकाने "मात" एवढंच लिहिलं होतं, माती म्हणायचं होतं. ज्यांना पत्र होतं त्या काकांना दाखवल्यावर ते बरोबर समजले.

जुना_फळा
काकांना समजलं, कारण ते समोर होते. पत्र एकट्यानेही वाचता आलं पाहिजे. तरी एक शब्द मुलाचा आणि वाक्य बाईंचं, असं करून बघायला हरकत नाही.
बाई, पत्रं हातात आली की नावं झाका आणि वाचा. मूल ओळखू आलं तर जमलं. दोन पत्रं अदलाबदल करूनही चालत असतील, तर त्या दोघांना परत बोलतं करा.

रानजाई
आज घेतलं. नमुना पुसला तेव्हा दोन-तीन मुलं "बाई, राहू द्या" म्हणाली. पण "कधी आली मजा?"वर वर्गाचा आवाजच वाढला. एकीचं पत्र:

"तुम्ही माझे हात धरून मातीवर ठेवले. त्यामुळे माझा गडू वाकडा झाला पण पडला नाही."

नावं झाकून १४ मुलं ओळखली. चार पत्रं अजून "मडके दाखवले"वरच आहेत, उद्या त्यांना परत बोलतं करणार. ३ मुलांपैकी दोघांनी "चाक" स्वतः लिहिलं, तिसऱ्याने फक्त चित्र काढलं.

अंगणवाडी_ते_आठवी
आणि जो आला नव्हता तो?

रानजाई
त्याला म्हटलं, तुला ज्याचे आभार मानावेसे वाटतात त्याला लिही. त्याच्या मित्राने तिथून ओल्या मातीचा गोळा दप्तरात घालून त्याच्यासाठी आणला होता, मला माहीतही नव्हतं. त्याने चौकटीतल्या "तुम्ही"वर काट मारली आणि लिहिलं: "तू माती आणली. त्यामुळे मी घरी बैल केला."