‘पूर्वाश्रमीचा मी’: धर्मांतराच्या आत्मकथनाला काय म्हणावं?

अनुजा: ख्रिस्ती संत ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनावर मराठीत लिहिते आहे. धर्मांतर केलेली माणसं स्वतःची जी हकिकत लिहितात, त्या लेखनप्रकाराला शब्द हवा आहे. ‘धर्मांतरकथा’ म्हटलं तर घटना कळते, पण त्या घटनेनंतर मागचं सगळं आयुष्य वेगळं दिसू लागतं आणि वेगळं सांगितलं जातं, ते येत नाही.

राजाभाऊ: ‘धर्मांतर’च लिहा, ‘धर्मांतरण’ नको. वेशांतर, भाषांतर तसंच हे.

अनुजा: ते मान्य, राजाभाऊ. पण मला सांगण्याच्या रीतीचं नाव हवं आहे.

विनायक: मग ‘रचितकथा’ म्हणा. बागेतला प्रसंग ऑगस्टिनने मागाहून रचला हे आता सर्वमान्य आहे. ३८६ साली मिलानच्या बागेत अंजिराच्या झाडाखाली रडत असताना लहान मुलाचा आवाज आला, ‘घे, वाच’, आणि बायबलातली पौलाची पत्रं उघडून वाचताच आपण पालटलो, असं तो लिहितो. त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या सुमारास त्यानेच लिहिलेल्या तात्त्विक संवादांत त्या आवाजाचा पत्ताच नाही.

सुमतीताई: विनायक, आवाजाबद्दल तुमचं बरोबर आहे, ‘सर्वमान्य’बद्दल नाही. फ्रेंच अभ्यासक पिएर कुर्सेल यांनी १९५० मध्ये हा प्रश्न जोरात मांडला आणि वाद अजून चालू आहे. त्या संवादांतल्या एकात, घाईघाईने पौलाची पत्रं उचलली आणि वाचली, असं ऑगस्टिन स्वतः सांगतो. म्हणजे वाचन तेव्हाही आहे. नाही ते अंजिराचं झाड, रडणं आणि आवाज.

छातीच्या दुखण्याचं पाहा. वक्तृत्व शिकवण्याची नोकरी छातीच्या दुखण्यामुळे सोडावी लागली, असं तो संवादांत लिहितो. ‘कन्फेशन्स’ त्याने सुमारे ३९७ मध्ये, बिशप झाल्यावर लिहायला घेतलं. तिथे दुखणं आहेच, पण नोकरी सोडायचा निश्चय आधीच झाला होता आणि दुखण्याने लोकांना सांगायला एक खरी सबब दिली, असं तो म्हणतो. गोष्ट तीच, पण कारण होतं ते निमित्त झालं. मागचं आयुष्य नव्याने मांडणं म्हणतात ते हे. यात खोटं काय आहे?

प्रकाश: माझं धर्मांतर नाही, पण दारू सोडून नऊ वर्षं झाली. व्यसनमुक्तीच्या बैठकीत अनुभव सांगतो. मुलगी दारात उभी होती, तिने पाहिलं, त्याच दिवशी सोडली, असं सांगत आलो. मध्यंतरी जुनी वही सापडली. दाराशी उभी होती ती तीन महिने आधी. सोडली त्या दिवशी वहीत फक्त पोटदुखी आणि उसन्या पैशांचा हिशोब. मी कुणाला फसवत नव्हतो. मला खरंच तसंच आठवतं.

सुमतीताई: प्रकाशराव, तुमच्याकडे वही होती म्हणून कळलं. वही नसेल तेव्हा मी क्रियापदं बघते. ‘तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण’ असं वाक्य आलं की तिथे आजचा माणूस बोलतो आहे. ‘भरकटत होतो’ हेही तसंच. भरकटणाऱ्याला तेव्हा आपण कुठेतरी चाललो आहोत असंच वाटत असतं. मात्र यावरून एवढंच कळतं की कोण बोलतो आहे. घडलं की नाही, ते कळत नाही.

अनुजा: मी ‘पूर्वाश्रमीचा मी’ असा प्रयोग करणार होते.

सुमतीताई: नको. संन्यासी पूर्वाश्रम टाकतो, त्याबद्दल बोलतही नाही. धर्मांतराची हकिकत पूर्वाश्रमावरच उभी असते. पोरपणी चोरलेल्या नासपतींवर ऑगस्टिन किती पानं खर्चतो! अंधार जितका गडद, तितका उजेड उठून दिसतो.

राजाभाऊ: मराठी ख्रिस्ती मंडळी ‘साक्ष देणं’ म्हणतात. तेच घ्या की.

सुमतीताई: चांगला शब्द आहे, राजाभाऊ. पण साक्ष माणसांपुढे असते. ऑगस्टिन देवाशी बोलतो, आपण ते ऐकतो. ‘कन्फेशन्स’ या त्याच्या लॅटिन शब्दात कबुली आहे तशी स्तुतीही आहे. शिवाय ‘धर्मांतर’ही त्याला पुरतं बसत नाही. आई ख्रिस्ती, लहानपणीच बाप्तिस्म्याचा दीक्षार्थी म्हणून नाव लागलेलं, मधे नऊएक वर्षं मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात. धर्मांतरासाठीच्या लॅटिन शब्दाचा अर्थ वळणं, मागे फिरणं.

अनुजा: मग ‘वळणकथा’?

राजाभाऊ: वळण म्हणजे लावलेली सवयही. ‘पोराला चांगलं वळण आहे.’

अनुजा: म्हणूनच आवडलं. रस्ता वळला ते वळण, आणि आईने लावलं तेही वळण. ऑगस्टिन या दुसऱ्या वळणाची गोष्ट पहिल्या वळणाच्या उजेडात सांगतो.

विनायक: शब्द छान आहे, पण माझी शंका तशीच आहे. दहा वर्षांत आवाज आठवणीत आला की लिहिताना आला?

प्रकाश: माझ्यापुरतं सांगतो. दार कुठल्या बैठकीपासून त्या दिवसात आलं, ते मलाही शोधून सापडलेलं नाही.