मदत हवी आहे: वडिलांच्या मृत्यूची नोंदच नाही म्हणतात

खाडीपलीकडचा
वडील जाऊन अडीच महिने झाले. दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या. ग्रामपंचायतीत म्हणाले, नगरपरिषदेत जा. तिथे संगणकावर बघून म्हणाले, या नावाची नोंद नाही. आधार, स्मशानाची पावती सगळं दाखवलं. आईचं बँकेचं काम अडलंय आणि मला सोमवारी मुंबईला कामावर हजर व्हायचंय. काय करायचं ते नेमकं सांगा.

काजूवाला
सातबाऱ्यावर वारस लावायचे असतील तर तलाठ्याकडे अर्ज करा. सगळ्या बहिणींची नावं घाला, नंतर वाद होतात. आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

खाडीपलीकडचा
सातबाऱ्याचं विचारलंच नाही. दाखला हवाय.

नोंदवही
मी बावीस वर्षं जन्म-मृत्यूच्या टेबलावर होतो. वडील वारले कुठे? घरी की दवाखान्यात?

खाडीपलीकडचा
दवाखान्यात, चिपळूणला. गाव गुहागर तालुक्यात. अंत्यविधी गावीच केले. त्याने काय फरक पडतो?

नोंदवही
सगळा फरक त्यानेच पडतो. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. गाव कुठलं, चिता कुठे पेटली हे बघत नाहीत. म्हणून ग्रामपंचायतीने पाठवलं ते बरोबर. दवाखान्यातल्या मृत्यूची खबर २१ दिवसांत दवाखान्यानेच द्यायची असते, घरच्यांनी नाही. आता सांगा, केसपेपरवर नाव काय होतं?

रत्नांग्रीकर
एवढं कशाला? २१ दिवस उलटलेत ना, मग उशिराच्या नोंदणीचा अर्ज करा, स्वयंघोषणापत्र जोडा, नवी नोंद करून घ्या. वर्ष झालं असतं तर कोर्टात जावं लागलं असतं. मी काकांचं असंच केलं.

नोंदवही
रत्नांग्रीकर, तुमचे काका घरी वारले असतील आणि कोणी कळवलं नसेल, तर ते योग्यच होतं. पण इथे दवाखान्याने आधीच नोंद पाठवली असली, तर नवी करून एका माणसाच्या दोन नोंदी होतील. पुढे एक रद्द करून घेणं फार जड जातं. आणि वर्षानंतरचं कोर्टाचं आता राहिलं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो आदेश जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात.

रत्नांग्रीकर
आमच्या वेळी वकिलानेच केलं होतं. खर्च मी केलाय, मला माहीत आहे.

खाडीपलीकडचा
आत्ता केसपेपर काढून बघितला. चुलतभावाने दाखल केलं होतं. त्याने 'आप्पा' लिहिलंय, पुढे आडनाव. वडिलांचं खरं नाव दत्ताराम. गावात त्यांना दत्ताराम कोणी म्हणतच नव्हतं.

नोंदवही
मग नोंद बहुतेक 'आप्पा' नावाने सापडेल. उद्या नगरपरिषदेत नावावरून शोधू नका म्हणून सांगा. मृत्यूची तारीख आणि दवाखान्याचं नाव देऊन त्या दिवसाच्या नोंदी पाहायला लावा. तारीख डिस्चार्ज पेपरवरची द्या, अंत्यविधीची नको. रात्री अकराला गेले आणि विधी दुसऱ्या दिवशी, अशाने एक दिवस चुकतो. नोंद दिसली नाही, तरच दवाखान्यात जाऊन विचारा की मृत्यूचा अहवाल कोणत्या तारखेला पाठवला.

आणि सापडली तरी घाईने दाखल्याच्या दहा प्रती काढू नका. आधी दुरुस्ती. नाव बदलतंय, म्हणून निव्वळ लिहिण्यातली चूक धरत नाहीत. वडिलांना ओळखणाऱ्या दोन विश्वासू माणसांनी काय चुकलं आणि खरं काय हे लिहून द्यावं लागतं. सोबत आधार, शाळेचा दाखला आणि दवाखान्याचं पत्र असलं की काम सरळ होतं. मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूला शेरा मारतात.

मालवणची सून
माझे सासरे गाडीत गेले, मालवणातून कोल्हापूरला नेताना. त्यांची नोंद कुठली मग?

नोंदवही
गाडीत मृत्यू झाला तर गाडीचालकाने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यायची, असा नियम आहे. पण तुमचं नीट वेगळ्या धाग्यात विचारा, इथे मिसळेल.

काजूवाला
दवाखान्याचं पत्र लगेच मिळत नाही हो. मला चार वेळा जावं लागलं.

खाडीपलीकडचा
जाऊन आलो. तारखेने बघितल्यावर 'आप्पा' म्हणून सापडली! नोंदणी क्रमांक लिहून आणलाय. दुरुस्तीचा अर्ज दिला. पण टेबलावरचे म्हणतात, वडिलांच्या जुन्या पासबुकावर 'दत्ताराम ऊर्फ आप्पा' आहे, म्हणून दाखल्यावर ऊर्फ घालायचं की फक्त दत्ताराम, ते साहेबांना विचारून सांगतील. आधारवर ऊर्फ नाही. बँक कोणतं मानेल?

नोंदवही
बँकेच्या शाखेत आधी विचारा, खात्यावर जसं नाव आहे तसंच दाखल्यावर आलेलं बरं. शेवटी शब्द निबंधकांचा. दोन माणसांचं घोषणापत्र ऊर्फसकट लिहिलंत ना?

खाडीपलीकडचा
नाही. उद्या बदलून देतो. सोमवारी आई एकटी जाईल तर तिच्या सहीवर काम होईल का, की माझीच लागेल?