उत्तर: इस्त्री मध्येच तापते, मध्येच थंड

> "७५० वॅटची साधी इस्त्री. कधी तापते, कधी थंडगार. फ्यूज उडाला असेल का?"

फ्यूज नसावा. थर्मल फ्यूज एकदा उडाला की पुन्हा जुळत नाही, त्यामुळे तो गेला असता तर इस्त्री कायमची थंड पडली असती. अधूनमधून तापते म्हणजे संशय आधी वायरवर, मग थर्मोस्टॅटवर.

प्लग सॉकेटमधून काढा, नॉब पूर्ण वर फिरवा आणि जाड अर्थची पिन सोडून उरलेल्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. साधारण ७० ओहम दिसायला हवेत. आता वायर इस्त्रीत शिरते तिथे हळूहळू वाकवत राहा. आकडा येत-जात असेल तर आतली तार तिथेच तुटली आहे. माझ्या इस्त्रीत अगदी असंच होतं: बाहेरून वेष्टण धड, आत तांब्याच्या तारा काळ्या पडून तुटलेल्या. तेवढा तुकडा कापून उरलेली वायर पुन्हा जोडली. टेप गुंडाळून मात्र चालवू नका, तो जोड तापतो.

वायर हलवूनही आकडा स्थिर, पण नॉब फिरवताना उड्या मारत असेल तर थर्मोस्टॅटचे पॉइंट काळवंडलेत. बारीक पॉलिशपेपरची पट्टी त्यांच्यामधून दोनदा अलगद ओढा. जोरात घासलं तर वरचा थर जातो.

पुढे कधी फ्यूज खरंच उडाला, तर आधी थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत का ते बघा. नवा त्याच तापमानाचा घ्या आणि दाबून जोडा, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडू शकतो. थेट तार जोडून फ्यूज वगळणं म्हणजे घरात आगीला वाट करून देणं.