किराण्याचे पैसे फोन टेकवून: आपला पहिला अनुभव

परदेशात शिकायला गेल्यावर किराण्याचे पैसे फोन टेकवून पहिल्यांदा दिले, तेव्हा नेमके काय घडले, ते सविस्तर लिहावे.

लीड्समधील विद्यार्थिनी: पुण्यात क्यूआर कोड स्कॅन करायचा, रक्कम आणि पिन टाकायचा आणि स्पीकरवर रक्कम ऐकू आली की निघायचे, ही सवय मला होती. 2023 च्या सप्टेंबरात इथे आले, तेव्हा माझ्या भारतीय बँकेचे कार्ड फोनच्या वॉलेटमध्ये जोडता आले नाही, म्हणून स्थानिक खाते उघडून तिथले कार्ड जोडले. त्यानंतर आम्ही चौघींनी तांदूळ, तूरडाळ, कणीक आणि तेल असा किराणा एकत्र घेतला आणि बिल 112 पाउंड झाले. मैत्रिणीने कार्ड टेकवले, तर यंत्राने कार्ड आत घालून पिन देण्यास सांगितले, कारण त्या वेळी नुसते कार्ड टेकवून 100 पाउंडांपर्यंतच पैसे देता येत. तिला नवा पिन आठवेना. मग मी बोटाच्या ठशाने फोन उघडून त्याची पाठ यंत्राजवळ धरली. एक बारीक आवाज आला आणि पावती बाहेर आली. पिन कोणी मागितलाच नाही, त्यामुळे पैसे खरोखर गेले का, हे बँकेचा संदेश वाचेपर्यंत मला खरे वाटले नाही.

डब्लिनमधील विद्यार्थी: दुकानात इंटरनेट हवेच. माझ्या दुकानात तळघरात रेंज नसते, म्हणून मी कायम कार्डच वापरतो.

पेमेंट यंत्रणेत काम केलेले एक वाचक: बँकेशी संपर्क दुकानाचे यंत्र करते, त्यामुळे त्या क्षणी फोनला रेंज नसली तरी सहसा चालते, मात्र कार्ड पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. फोन यंत्राला कार्डाचा मूळ क्रमांक देत नाही, त्याऐवजी त्या फोनसाठी तयार केलेला वेगळा क्रमांक देतो. ठसा किंवा फोनचा पासकोड हीच ओळख धरली जाते, म्हणून 112 पाउंडही गेले. काही दुकानांची जुनी यंत्रे मात्र फोनलाही कार्डाचीच मर्यादा लावतात. व्यवहार अडला, तर आधी कव्हरमागे खोचलेले कार्ड काढावे, कारण यंत्राला दोन्ही एकदम दिसल्यास ते गोंधळते.

नाशिकमधील पालक: मुलगा फ्रान्सला जाणार आहे. आयफेल टॉवरची तिकिटे यूपीआयने घेता येतात असे वाचले. मग किराणाही तसाच मिळेल ना?

लीड्समधील विद्यार्थिनी: काका, तिथे यूपीआय मोजक्या ठिकाणी चालते, त्यामुळे किराण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. तो निघण्यापूर्वी भारतीय कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमध्ये सुरू करून घ्या. 2020 पासून नवे कार्ड तो बंद ठेवूनच दिले जाते, आणि टेकवून पैसे देण्याची सोयही वेगळी सुरू करावी लागते.

डब्लिनमधील विद्यार्थी: तळघरात आज फोन टेकवून पाहतो. पण बॅटरी संपली तर काय करायचे?