कबुली लिहून दिली आहे, मग त्याचं आणखी काय ऐकायचं?

कृष्णाकाठ

मी आमच्या तालुक्यातल्या एका लहान पतसंस्थेचा संचालक आहे. मार्चमध्ये कॅशियरच्या रोकडीत ४०,००० रुपये कमी भरले. त्याच रात्री त्यानं लेखी कबुली दिली. तक्रार अध्यक्षांनी केली, चौकशीही त्यांनीच केली आणि आठव्या दिवशी त्याला कामावरून काढलं. आता वकील म्हणतात, त्याची बाजू ऐकली नाही, म्हणजे नैसर्गिक न्याय पाळलेला नाही, प्रकरण अंगाशी येईल. ज्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय त्याचं आणखी काय ऐकायचं? जाणकारांनी सांगावं.

सडेतोड

काही ऐकायचं नाही. मी बावीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. गुन्हा कबूल असेल तर साक्षीपुरावे लागत नाहीत, हे तिथल्या शिपायालाही माहीत असतं. ठेवीदार शेतमजूर, भाजीवाल्या बायका. त्यांच्या पैशाला हात लावणाऱ्याला नोटिसा पाठवत बसलात तर उद्या दुसरा कॅशियर हात मारेल. तुमच्या अध्यक्षांनी योग्य केलं.

निवृत्त नाना

मी सरकारी खात्यात पुष्कळ विभागीय चौकश्या चालवल्या. सडेतोड यांचं म्हणणं एका ठिकाणी बरोबर आहे. दोषारोपपत्र हातात पडल्यावर, आरोप वाचून, चौकशी अधिकाऱ्यासमोर माणूस सरळ म्हणाला की हो, हे मी केलं, तर साक्षीदार तपासायची गरज उरत नाही. पण ती कबुली आरोपाला दिलेली असते. तुमच्याकडे आरोप लिहिलेलाच नव्हता, मग त्यानं कबूल नेमकं काय केलं? कृष्णाकाठ, त्या कागदावरची वाक्यं जशीच्या तशी इथे लिहा. कागद किती वाजता लिहिला आणि खोलीत कोण कोण होतं, तेही लिहा.

कृष्णाकाठ

नाना, कागदावर एवढंच आहे: "आज दि. १४ रोजी माझ्या ताब्यातील रोकड ४०,००० रुपयांनी कमी भरली. याची जबाबदारी माझी आहे. रक्कम पगारातून कापून घ्यावी." रात्री साडेनऊ वाजता, अध्यक्षांच्या केबिनमध्ये. अध्यक्ष, शाखाधिकारी आणि आम्ही दोन संचालक होतो.

निवृत्त नाना

हा कागद दोनदा वाचा. "रोकड कमी भरली" असं लिहिलंय. "मी घेतली" असं कुठेच लिहिलेलं नाही. रोकड कमी भरणं आणि पैसे खाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. मोजताना पाचशेचं एक बंडल कुणाला जादा गेलं तरी ५०,००० कमी येतात. चेकची नोंद राहिली, तिजोरीतून काउंटरवर आलेली रक्कम चुकीची लिहिली, तरीही रोकड कमी दिसते. नोकरीतून काढताना आदेशात काय लिहिलंत? अपहार, असंच ना? मग ज्याची त्यानं कबुली दिलेलीच नाही त्या आरोपावर तुम्ही त्याला काढलंत.

दुसरी बाजू ऐकायची ती ह्यासाठी. त्याला विचारलं असतं तर त्यानं एखादी गोष्ट सांगितली असती जी केबिनमधल्या चौघांना माहीत नाही, किंवा माहीत असून कुणी बोललं नाही. मला इथे बसून एकच प्रश्न सुचतो: तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे असते?

कृष्णाकाठ

शाखाधिकाऱ्याकडे. दोन्ही किल्ल्या लावल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. किल्ल्यांची नोंदवही आहे. खरं सांगायचं तर ती कुणी पाहिलेली नाही.

पूर्वा

आमच्या सोसायटीतही हेच झालंय. वरून गळती होते म्हणून समितीनं आमच्या नावावर दुरुस्तीचे १८,००० टाकले. आम्हाला वकील घेऊन हजर राहायला सांगितलंच नाही. ज्यांच्या छतातून पाणी गळतं ते खालच्या मजल्यावरचे सदस्य म्हणजेच समितीचे अध्यक्ष. वकिलाशिवाय घेतलेला निर्णय आपोआप रद्द होतो ना?

निवृत्त नाना

पूर्वाताई, वकील न मिळाल्यानं निर्णय रद्द होत नाही. समोर बसवून ऐकायलाच हवं असंही नाही. तुमच्यावर काय ठपका आहे आणि त्याला आधार काय, म्हणजे प्लंबरचा अहवाल, फोटो, खर्चाचा अंदाज, हे तुम्हाला आधी द्यायला हवं. उत्तराला रास्त मुदत द्यायला हवी आणि आलेलं उत्तर वाचून निर्णय घ्यायला हवा. लेखी उत्तरावरही हे भागतं. तुमची खरी तक्रार दुसरी आहे. ज्याच्या घरात पाणी गळतं त्यानं त्या ठरावाच्या वेळी खोलीबाहेर जायला हवं होतं. तो मुद्दा लेखी मांडा.

सडेतोड

किल्लीचा मुद्दा मान्य, पण तो तपासाचा मुद्दा झाला. अध्यक्षांनी चौकशी केली तर बिघडलं कुठे? संस्था छोटी, माणसं मोजकी. अध्यक्ष स्वच्छ माणूस असेल तर केवळ तक्रार केली म्हणून तो पक्षपाती होतो का?

निवृत्त नाना

अध्यक्ष स्वच्छ आहेत हे मी धरूनच चालतो. अडचण अशी की ते साक्षीदार आहेत. कबुली त्यांच्यासमोर, त्यांच्या केबिनमध्ये लिहिली गेली. ती दबावाखाली लिहून घेतली असं कॅशियर उद्या म्हणाला, तर उलटतपासणी कुणाची घ्यायची? अध्यक्षांची. आणि त्यांचं बोलणं खरं की कॅशियरचं, हे ठरवायला खुर्चीत कोण? तेच अध्यक्ष.

सर्वोच्च न्यायालयासमोर १९५७ साली असंच एक प्रकरण होतं. उत्तर प्रदेशातल्या मोहम्मद नूह नावाच्या हेड कॉन्स्टेबलची खात्यात चौकशी चालली होती. चौकशी करणारे पोलीस अधीक्षक मध्येच खुर्ची सोडून साक्षीदार झाले, आपली साक्ष दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे नोंदवली आणि परत येऊन निकाल दिला. न्यायालयानं त्यावर कडक ताशेरे ओढले. आपल्याच साक्षीवर आपणच विश्वास ठेवायचा की नाही हे कुणालाही निःपक्षपणे ठरवता येत नाही. हेही सांगतो की नूह स्वतः ती केस हरला. त्याची बडतर्फी १९४८ ची, राज्यघटना लागू होण्याआधीची, म्हणून उच्च न्यायालयाचा नवा अधिकार तिथवर पोचत नाही असं ठरलं. पण तत्त्व टिकलं.

ॲड. मृण्मयी

नाना, चौकशीच्या खुर्चीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. ऐकण्याबद्दल मात्र तुम्ही १९८० च्या काळात आहात असं मला वाटतं. त्या वर्षी नवी दिल्लीच्या नगरपालिकेच्या प्रकरणात, एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन, न्यायालय म्हणालं होतं की ऐकून न घेणं हेच नुकसान, वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. पुढे १९९३ मध्ये करुणाकर प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी वेगळी वाट धरली. चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला न देता शिक्षा झाली असेल, तर न्यायालयानं आधी ती प्रत द्यावी आणि विचारावं: ही वेळेत मिळाली असती तर तू वेगळं काय सांगितलं असतंस? त्यानं फरक पडला असता असं दिसलं तरच शिक्षा रद्द. म्हणजे प्रत्येक त्रुटीनं सगळं कोसळत नाही. हे मला योग्य वाटतं. कोर्टात मी अशी प्रकरणं पाहिली आहेत जिथे माणसाकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं आणि केवळ एका कागदावर दहा वर्षं भांडण चाललं.

निवृत्त नाना

मृण्मयीताई, करुणाकर मान्य. पण तिथे दोषारोपपत्र होतं, साक्षी झाल्या होत्या, शेवटचा कागद तेवढा राहिला होता. इथे पहिलीच पायरी नाही. आणि "सांगण्यासारखं काहीच नव्हतं" हे कोण ठरवणार? ऐकलंच नाही तर कळणार कसं?

मुंबईच्या फुटपाथवासीयांचा खटला आठवा. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, फुटपाथवरची बिऱ्हाडं उठवायचं सरकारनं जाहीर केलं. लोकांना बसमध्ये घालून गावी धाडलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही झोपडीवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. महापालिकेचं म्हणणं सडेतोड यांच्यासारखंच होतं: फुटपाथ सार्वजनिक, त्यावर घर बांधायचा हक्क नाही, मग नोटीस देऊन ऐकायचं काय? शिवाय महापालिका कायद्याच्या ३१४ कलमात "नोटीस न देता" असे शब्दच होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी ते मानलं नाही. नोटीस न देता हटवता येईल, याचा अर्थ हटवायलाच हवं असा होत नाही. तातडीच्या अपवादासाठी ती मुभा आहे, एरवी ऐकायचंच. उत्तर असूच शकत नाही म्हणून विचारत नाही, ही सबब चालणार नाही.

सडेतोड

पण नाना, शेवटी त्या लोकांना हटवायला परवानगी मिळालीच ना? मग ऐकून काय साधलं?

निवृत्त नाना

मिळाली, बरोबर. न्यायालय म्हणालं की ह्यांचं म्हणणं आता आमच्यासमोर सविस्तर झालं, पुन्हा आयुक्तांकडे पाठवत नाही. पण निकाल १० जुलै १९८५ चा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावायचा नाही असं सांगितलं, म्हणजे तो पावसाळा गेला. १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद होती त्यांना दुसरी जागा द्यायला सांगितलं. नोंद कुणाची आहे आणि कुणाची नाही हे झोपडीवाल्याला विचारल्याशिवाय कसं कळलं असतं? तरी तुमचा आक्षेप मी उडवून लावत नाही. दुसरी जागा मिळाल्याशिवाय हटवायचंच नाही, अशी अट न्यायालयानं घातली नाही. ते मला आजही खुपतं.

ॲड. मृण्मयी

कृष्णाकाठ यांच्यासाठी व्यवहाराचं बोलते. कॅशियर बहुधा कामगार न्यायालयात जाईल. चौकशी सदोष ठरली म्हणजे तो निर्दोष सुटला असं होत नाही. संस्थेला न्यायालयासमोर नव्यानं पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करायची संधी मागता येते. पण ती वेळेत, आपल्या लेखी म्हणण्यातच मागायला हवी. नंतर आठवली तर उपयोग नाही. त्याहून सोपं म्हणजे आताच बडतर्फीचा आदेश मागे घ्या, त्याला निलंबित ठेवा, निर्वाह भत्ता द्या आणि नीट चौकशी करा. आरोपात तारीख, रक्कम, नोंदवहीचं पान लिहा. "गैरव्यवहार केला" एवढ्यावर कुणाला उत्तर देता येत नाही.

सडेतोड

म्हणजे चोरीचा संशय असलेल्या माणसाला भत्ता! हे माझ्या गळी उतरत नाही. मात्र "कमी भरली" आणि "घेतली" यातला फरक मी वाचताना हुकवला, ते कबूल करतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. अध्यक्षांशी आज बोललो. आदेश मागे घ्यायला ते तयार नाहीत, "मी चोर ठरतोय का?" असं म्हणाले. बाहेरचा चौकशी अधिकारी नेमायचा विषय पुढच्या सभेत मी मांडणार आहे. माझीही त्या रात्रीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही आहे, तेव्हा त्या ठरावावर मी मत द्यावं का, हे मला अजून कळत नाही.

निवृत्त नाना

ठराव मांडा, मत देऊ नका, आणि का देत नाही ते इतिवृत्तात लिहून घ्या. किल्ल्यांच्या नोंदवहीचं काय?

कृष्णाकाठ

१४ तारखेचं पान पाहिलं. सकाळी उघडताना दोन सह्या आहेत. संध्याकाळी बंद करताना एकच आहे, शाखाधिकाऱ्याची. पानाची झेरॉक्स काढून ठेवली.