मदत हवी आहे: शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाचे दोन पत्ते दिसतायत, खरा कुठला?

आईचं जुनं शिलाई मशीन दुरुस्तीला न्यायचंय. भयंकर जड आहे, म्हणून आधीच पत्ता पक्का करायचाय. गूगल मॅप्सवर दुकान बाजाराच्या गल्लीत दिसतं, एका डिरेक्टरी साइटवर पत्ता स्टेशनजवळचा, आणि रिव्ह्यूत कोणी लिहिलंय पहिला मजला, अरुंद जिना तर कोणी म्हणतं रस्त्यालगत आहे, गाडी दारात लागते. फोटोत बोर्ड तोच पण जागा दोन. नंबर सगळीकडे एकच, पण उचलत नाहीत.

चष्मिष: सोप्पंय, सगळ्यात नवीन तारखेचा फोटो बघा, तीच जागा खरी.

नकाशेवाला: तेवढ्यावर जाऊ नका, तिथली तारीख फोटो चढवल्याची असू शकते, काढल्याचीच असेल असं नाही, जुना फोटो कोणी काल टाकला असेल तरी नवा दिसू शकतो. आणि मालकाने त्याच लिस्टिंगवर पत्ता बदलला की जुने रिव्ह्यू सोबतच राहतात, म्हणून जिना आणि रस्ता एकाच ठिकाणी वाचायला मिळतायत. रिव्ह्यू 'नवीन आधी' लावा आणि फक्त जागेबद्दल कोण काय बोललंय तेवढं बघा. मग रस्त्यालगतच्या फोटोत शेजारच्या दुकानाची पाटी वाचता येते का बघा आणि ते शेजारी मॅप्सवर शोधा. स्ट्रीट व्ह्यू असेल तर त्यावर महिना-वर्ष असतं, तेही बघा.

नवा दुकानदार: माझंही असंच झालंय, पत्ता बदलला पण पिन जुन्याच जागी राहिली, गिऱ्हाईक तिकडेच जातं. कसं बदलायचं?

नकाशेवाला: पत्ता बदलता तिथेच नकाशावर पिन सरकवता येते. या ताईंच्या दुकानाचंही तेच झालं असू शकतं.

धागाकर्ती: बघितलं! अलीकडचे सगळे रिव्ह्यू रस्त्यालगतचेच आहेत, जिन्याचे सगळे जुने. फोटोत शेजारी मेडिकलची पाटी आहे आणि ते मेडिकल स्टेशनजवळ निघालं, म्हणजे चक्क डिरेक्टरी बरोबर दिसतेय.

चष्मिष: मग झालं की, घेऊन जा मशीन.

नकाशेवाला: थांबा. मेडिकलवाल्यांना फोन करा, त्यांचा नंबर लिस्टिंगवर असेल. 'शेजारी मशीनचं दुकान आहे ना?' असं विचारू नका, घाईत लोक हो म्हणून मोकळे होतात. 'तुमच्या शेजारी कसलं दुकान आहे?' असं विचारा.

धागाकर्ती: केला फोन. ते स्वतःहून म्हणाले शिलाई मशीनचं आहे, रोज उघडतं. पण त्यांना तिथे नवीन मशीन आणि सुटे भाग विकताना दिसतं, दुरुस्ती तिथेच करतात का ते माहीत नाही.

नकाशेवाला: मग दुरुस्ती अजून जिन्यावरच्या जुन्या जागेत चालत असेल, नाकारता येत नाही. असं बरेच जण करतात.

धागाकर्ती: हो, मलाही तेच वाटतंय. उद्या मशीन न घेता स्टेशनकडे जाऊन विचारते, मग इथे लिहिते.