मदत हवी आहे: पोलिसांच्या आवारात टेम्पोचे भाग गेले, भरपाई कोण देणार?

कळवाकर
चोरीच्या मालाच्या केसमध्ये माझ्या भावाचा टेम्पो पोलिसांनी जप्त केला. त्यात आमचा ड्रायव्हर आरोपी आहे, भाऊ नाही. चौदा महिन्यांनी ठाणे कोर्टाने सुपूर्तनाम्यावर गाडी सोडायचा आदेश दिला. काल आवारात बघायला गेलो तर बॅटरी, दोन टायर आणि इंजिनचे बरेच भाग गायब. हवालदार म्हणाले, सही करा आणि घेऊन जा. भावाचं पोट या गाडीवर आहे. सरकारकडून पैसे मागता येतात का?

घोडबंदरचा
नाही मिळणार. कस्तुरीलालचा निकाल बघा. मेरठला पोलिसांनी एका सराफाचं शंभर तोळ्यांहून जास्त सोनं जप्त केलं, हेडकॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सुप्रीम कोर्टाने 1964 मध्ये सांगितलं की अटक आणि जप्ती हे सार्वभौम काम आहे, सरकार जबाबदार नाही.

नेरुळकर काकू
आमच्याकडे खड्ड्यात स्कूटर आपटून मुलाचा हात मोडला. त्यासाठी पण हाच अर्ज का?

वकील_ठाणे
काकू, तुमची बाब महापालिकेची आहे, त्याची नोटीस आणि मुदत वेगळी. वेगळा धागा काढा, तिथे सांगते.

घोडबंदरचा, निकाल बरोबर सांगितलात, पण गोष्ट तिथे संपत नाही. 1967 मध्ये गुजरातच्या मेमन महोमद प्रकरणात त्याच कोर्टाने म्हटलं की जप्त वाहनं परत करायची वेळ येऊ शकते, म्हणून सरकारने ती नीट सांभाळलीच पाहिजेत. 1977 च्या बसव्वा प्रकरणात पोलीस ठाण्यातून दागिने गेले, तेव्हा फौजदारी कोर्टामार्फतच किंमत द्यायला लावली. 1994 मध्ये नागेंद्र रावच्या खटल्यात जप्त खत पडून खराब झालं, तिथेही सरकारला पैसे द्यावे लागले. कस्तुरीलाल पाच न्यायाधीशांचा असल्याने कागदावर उभाच आहे, सरकारी वकील तो काढतीलच. तुम्ही जप्तीला आव्हान देऊ नका. जप्ती योग्य होती असं धरूनच, सांभाळण्यात हयगय झाली, एवढाच मुद्दा ठेवा.

कळवाकर, कोऱ्या पावतीवर सही करू नका. काय गायब आहे ते पंचांसमोर लिहून, फोटो काढून, हरकत नोंदवूनच ताबा घ्या. जप्ती पंचनाम्यात गाडीची स्थिती काय लिहिली आहे? दावा त्यावरच टिकेल.

कळवाकर
"चालू स्थितीत" एवढंच लिहिलंय. टायरचा उल्लेख नाही.

वकील_ठाणे
मग इंजिन आणि बॅटरी जप्तीच्या दिवशी होती हे त्यातूनच निघतं. टायरसाठी गॅरेजची जुनी बिलं शोधा. आधी सुपूर्तनामा देणाऱ्या कोर्टातच अर्ज करा. दिवाणी दावा करायचा झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस सरकारला देऊन दोन महिने थांबावं लागतं.

घोडबंदरचा
मुदत तीन वर्षं ना?

वकील_ठाणे
यावर वाद होतो. पोलीस कायद्याच्या कलम 161 मधली सहा महिन्यांची मुदत सरकार पुढे करतं. सांभाळण्यातली हयगय त्यात बसत नाही असं माझं मत आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

कळवाकर
उद्या पंच घेऊन जातो. बिलं मिळाली की इथेच सांगतो.